शेजारच्या धंद्यांचे रिव्ह्यू वाचून आपल्या धंद्याची जागा कशी शोधायची

एखाद्या धंद्यात उतरण्याआधी माणूस त्या भागातल्या चालू धंद्यांचे ऑनलाइन रिव्ह्यू वाचतो. बहुतेक जण एक तारेवाले आधी उघडतात आणि अर्ध्या तासात निष्कर्ष काढतात की लोकांना वेळेवर सेवा हवी, वागणूक चांगली हवी आणि भाव कमी हवा. हे चुकीचं नाही, पण ते कुठल्याही धंद्याबद्दल न वाचताही सांगता आलं असतं. त्यावर बेतलेला धंदा म्हणजे "आम्ही इतरांपेक्षा चांगले" एवढाच दावा, आणि तो तर आधीचे सगळेच करत आलेले असतात.

कामाची गोष्ट एक थर खाली असते. तक्रार म्हणजे पोकळी, म्हणजे नव्या धंद्यासाठी मोकळी जागा, नव्हे. तक्रार कशामुळे पुन्हा पुन्हा घडते, ते कारण काढून टाकण्याजोगं आहे का आणि ते आजवर कुणी का काढलं नाही, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की पोकळी दिसू लागते. ही उत्तरं रिव्ह्यूमध्ये बऱ्याच अंशी लिहिलेली असतात, फक्त सांडलेली असतात. ती गोळा कशी करायची हे मी घरगुती वॉशिंग मशीन दुरुस्तीच्या उदाहरणावरून दाखवतो. या धंद्यात ग्राहकाची गरज तातडीची असते, काम त्याच्या घरात होतं आणि अनेक टप्प्यांत होतं, म्हणून लोक तपशिलात लिहितात. पुढचे आकडे हिशोब कसा वाचायचा हे दाखवण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या भागातले आकडे वेगळे येतील, पण पद्धत तीच राहील.

आधी काय वाचायचं ते ठरवा

आठ ते दहा धंदे निवडा. सगळे एकाच पट्ट्यातले हवेत, म्हणजे तुमच्या भावी ग्राहकाने मशीन बंद पडल्यावर ज्यांना फोन लावला असता असे. फक्त सर्वांत नावाजलेले घेऊ नका. दोन मोठे, चार-पाच मधले आणि दोन छोटे, एकट्याने काम करणारे असे घ्या. छोट्यांच्या खाली रिव्ह्यू कमी असतात, पण मालक स्वतःच घरी येत असल्यामुळे लोक घडलेलं जसंच्या तसं लिहितात.

गूगल मॅप्सवर रिव्ह्यू उघडले की ते आपोआप `Most relevant` या क्रमाने दिसतात. तो क्रम तुमच्या कामाचा नाही, कारण त्यात जुने, लांबलचक, गाजलेले रिव्ह्यू वर येतात. क्रम `Newest` करा आणि मागच्या बारा ते अठरा महिन्यांपुरतेच वाचा. त्याआधीचा मालक वेगळा असू शकतो, माणसं बदललेली असू शकतात. नऊ धंद्यांचे मिळून दोनशे ते अडीचशे मजकूर असलेले रिव्ह्यू पुरेसे होतात. नुसते तारे देऊन गेलेल्यांना सोडून द्या. मजकूर भाषांतरित दिसत असेल तर मूळ मजकूर दाखवणारं बटण दाबा. "आज येतो म्हणाले" मधला "आज" भाषांतरात हरवला तर तक्रारीचा जीवच जातो.

रिव्ह्यूंमध्ये शब्द शोधायची सोय असते, ती वापरा, पण वाचून झाल्यावर. आधी शोधलं तर जे शोधलं तेच सापडतं. शोधताना एकाच शब्दाची सगळी रूपं टाका. लोक "उशीर", "लेट", `late`, `ushir` असं चारही प्रकारे लिहितात.

आता ताऱ्यांबद्दल. सगळ्यांत जास्त वेळ तीन आणि चार ताऱ्यांच्या रिव्ह्यूंना द्या. 2009 साली हू, पाव्लू आणि झांग या संशोधकांनी अ‍ॅमेझॉनवरच्या रिव्ह्यूंबद्दल दाखवून दिलं की ताऱ्यांचा आलेख इंग्रजी जे अक्षरासारखा असतो: पाच ताऱ्यांचा उंच ढीग, एक ताऱ्याचा लहान ढीग आणि मध्ये खळगा. याचं एक कारण असं की बऱ्यापैकी समाधानी माणूस लिहायचे कष्टच घेत नाही. म्हणजे मधल्या खळग्यात जो लिहितो तो विचार करून लिहिणारा, आणि तो रागात नसल्यामुळे घटना क्रमाने सांगतो. एक ताऱ्यात "फसवे लोक, जाऊ नका" असतं. चार ताऱ्यात असतं, "काम उत्तम केलं, माणूस प्रामाणिक, फक्त पंप यायला नऊ दिवस लागले आणि तोवर कपडे बहिणीकडे नेऊन धुतले." दुसऱ्या वाक्यात धंद्याला उपयोगी अशा तीन गोष्टी आहेत. पहिल्यात एकही नाही.

वही कशी मांडायची

गूगल शीट उघडा आणि सात रकाने करा: महिना, धंदा, तारे, ग्राहकाचं मूळ वाक्य, टप्पा, कारण, आणि "त्याने मग काय केलं". लिहिणाऱ्याचं नाव उतरवू नका. ते तुमच्या कामाचं नाही आणि कुणाच्या नावाची यादी बाळगणं बरंही नाही.

मूळ वाक्य जसंच्या तसं उतरवणं कंटाळवाणं वाटतं, पण ते सोडू नका. "उशीर" असा एक शब्द टिपून ठेवला की पन्नास रिव्ह्यूंनंतर तुम्हाला आठवत नाही की कशाचा उशीर. फोन उचलायला, घरी यायला, की सुटा भाग मिळायला? या तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि उपाय पूर्ण वेगळे. एका रिव्ह्यूत दोन तक्रारी असतील तर दोन ओळी करा.

टप्पा हा सगळ्यांत महत्त्वाचा रकाना. तक्रारींची वर्गवारी सगळे "भाव, दर्जा, वागणूक" अशी करतात, आणि तिथेच गाडी अडते, कारण त्या वर्गांतून कारणाकडे जाता येत नाही. त्याऐवजी ग्राहकाच्या वाटेचे टप्पे पाडा. वॉशिंग मशीन दुरुस्तीत ते साधारण असे पडतात: फोन लावून वेळ ठरवणं, माणूस यायची वाट पाहणं, तपासणी आणि खर्च सांगणं, सुटा भाग यायची वाट पाहणं, प्रत्यक्ष दुरुस्ती, आणि नंतर पुन्हा बिघाड झाला तर दाद मागणं. प्रत्येक तक्रार यांपैकी ज्या टप्प्यावर पहिल्यांदा उगवली तिथे टाका, ग्राहक जिथे चिडला तिथे नव्हे. माणूस चिडतो शेवटच्या फोनवर, पण गडबड झालेली असते पहिल्या फोनवर.

शेवटचा रकाना, म्हणजे ग्राहकाने मग काय केलं, बहुतेक वेळा रिकामा राहील. जिथे भरता येईल तिथे ती ओळ सोन्याची समजा. कपडे बहिणीकडे नेले, दुसऱ्याला बोलावलं आणि पुन्हा तपासणीचे पैसे दिले, स्वतः बाजारातून पार्ट आणून दिला, सुट्टी काढून घरी बसलो. माणसाने अडचण टाळण्यासाठी स्वतःचा वेळ किंवा पैसा खर्च केला, हे नुसत्या नाराजीपेक्षा कितीतरी वजनदार असतं. उपायासाठी तो पैसे मोजेल याचा रिव्ह्यूतून मिळणारा हा एकमेव थेट पुरावा आहे.

मालकाची उत्तरं वाचा

ही गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. रिव्ह्यूखाली मालकाने दिलेलं उत्तर म्हणजे त्या धंद्याच्या आतलं दार किंचित उघडं असल्यासारखं आहे. "मॉडेल पाहिल्याशिवाय पार्ट मागवता येत नाही, कंपनीकडून यायला वेळ लागतो" असं उत्तर तीन वेगवेगळे मालक देत असतील, तर तुम्हाला कारण त्यांच्याच तोंडून कळलं. "आमच्याकडे दोनच मुलं आहेत, त्या आठवड्यात खूप कॉल होते" हेही कारणच. "क्षमस्व, कृपया या नंबरवर संपर्क करा" हे कारण नाही, ते सोडून द्या.

मालक जे कारण नियम म्हणून सांगतो ते खरोखर टाळता न येणारं आहे की त्याच्या कामाच्या सवयीमुळे आलेलं आहे, हा प्रश्न तिथेच कारणाच्या रकान्यात लिहून ठेवा. पुढे त्याचाच उपयोग होणार आहे.

इथे एक जुना अभ्यास आठवतो. 1990 साली बिटनर, बूम्स आणि टेट्रोल्ट यांनी विमानसेवा, हॉटेलं आणि रेस्टॉरंट यांच्या ग्राहकांकडून जवळपास 700 चांगले-वाईट प्रसंग गोळा केले. वाईट प्रसंगांतला सर्वांत मोठा वाटा मूळ चुकीपेक्षा, चूक झाल्यावर कर्मचारी कसे वागले याचा होता. म्हणून "उद्धट बोलले" असं दिसलं की त्याला वागणुकीच्या खात्यात टाकून मोकळे होऊ नका. मागे जाऊन बघा की बोलणं कशावरून निघालं. बऱ्याचदा ते चौथ्यांदा "पार्ट आला का" विचारल्यावर निघालेलं असतं.

मोजणी: किती वेळा यापेक्षा किती ठिकाणी

समजा, नऊ धंद्यांचे 240 रिव्ह्यू वाचून तुमच्या वहीत 118 तक्रारी आल्या. वाट पाहण्याच्या दोन टप्प्यांवर सर्वाधिक: माणूस येण्याची वाट 26 आणि सुट्या भागाची वाट 31. वेळ ठरवण्याच्या 21, खर्चाच्या 19, पुन्हा बिघाडाच्या 14, बाकी किरकोळ 7.

आता लगेच 31 वर बोट ठेवू नका. आधी प्रत्येक टप्प्याची तक्रार किती वेगवेगळ्या धंद्यांत आली ते मोजा. धंद्याचं नाव बी रकान्यात असेल आणि ई रकान्यात या टप्प्याचं नाव सगळीकडे "भागाची वाट" असंच लिहिलं असेल तर गूगल शीटमध्ये हे सूत्र चालतं:

```
=COUNTUNIQUEIFS(B:B, E:E, "भागाची वाट")
```

पुन्हा बिघाडाच्या 14 पैकी 9 एकाच दुकानाच्या निघाल्या, तर ती त्या दुकानातल्या एखाद्या कच्च्या कारागिराची गोष्ट आहे. उद्या तो माणूस सुधारला किंवा सोडून गेला की तुमची "पोकळी" बुजली. उलट भागाची वाट नऊपैकी आठ धंद्यांत दिसते, लहान-मोठ्या सगळ्यांत. तेव्हा कारण माणसांत नसून धंद्याच्या रचनेत आहे. तिसरी खूण म्हणजे ही तक्रार चार-पाच ताऱ्यांच्या रिव्ह्यूंतही येते का. आपल्या उदाहरणात 31 पैकी 12 चार किंवा पाच ताऱ्यांच्या रिव्ह्यूंतल्या आहेत असं धरा. म्हणजे समाधानी ग्राहकही ती सोसतो आहे आणि "असंच चालतं" म्हणून सोडून देतो आहे. या तीन खुणा एकत्र आल्या की थांबून खोलात जायचं.

"महाग" आणि "उशीर" हे शब्द फोडून बघा

खर्चाच्या 19 तक्रारी पुन्हा, सावकाश वाचा. कदाचित 13 जण महाग म्हणतच नाहीत. ते म्हणतात, "फोनवर एक सांगितलं, मशीन उघडल्यावर दुसरं." ही रकमेची तक्रार नाही, ती बदलल्याची तक्रार आहे. मशीन सुटं होऊन फरशीवर पडलं आहे, पाणी साचलं आहे, अशा वेळी नवा आकडा ऐकावा लागला याचा तो राग आहे. तुम्ही भाव कमी करून धंदा सुरू केलात तर ही तक्रार जशीच्या तशी तुमच्याकडेही येईल, वर नफा कमी. निव्वळ महाग म्हणणारे उरतात सहा, आणि त्यांतले काही कुठल्याही भावाला महागच म्हणाले असते.

आता उशिराकडे. माणूस येण्याची वाट नऊच्या नऊ धंद्यांत आहे. पसारा मोठा, मग तीच पोकळी का धरायची नाही? कारण तिचं कारण बघा. एका घरी किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही. गाळणीत अडकलेलं नाणं काढायला वीस मिनिटं, ड्रमचं बेअरिंग बदलायला अर्धा दिवस. त्यामुळे पुढच्या घरची वेळ घसरते. हे सुधारायला जास्त माणसं ठेवावी लागतात किंवा दिवसातले कॉल कमी घ्यावे लागतात, आणि दोन्हींचा भार भावावर पडतो. चालू धंद्यांना ही तक्रार माहीत आहे आणि त्यांनी हिशोब करूनच ती चालू ठेवली आहे. अशी तक्रार खरी असते, पण नव्या माणसाला तिचा फायदा सहज मिळत नाही.

भागाच्या वाटेचं वेगळं आहे. ती वाट कशी तयार होते ते रिव्ह्यू एकाखाली एक लावल्यावर दिसतं. ग्राहक फोन करतो, "मशीन चालत नाही" म्हणतो. समोरचा पत्ता घेतो. दोन दिवसांनी माणूस येतो, मशीन उघडतो, पाणी बाहेर फेकणारा ड्रेन पंप गेला आहे असं सांगतो, मॉडेल नंबर टिपून घेतो आणि जातो. मग पंप मागवला जातो. तो आल्यावर दुसरी फेरी ठरते. म्हणजे पहिली फेरी ही फक्त माहिती गोळा करण्याची फेरी होती, आणि ती माहिती बऱ्याच वेळा फोनवरच मिळण्यासारखी होती.

हे सांगायला त्या कामाची थोडी जाण लागते, आणि म्हणूनच आपल्याला अनोळखी धंद्याचे रिव्ह्यू वाचताना त्या क्षेत्रातला एक जाणकार माणूस शेजारी बसवावा. जाणकार सांगेल की पुढून दार असलेल्या मशीनमध्ये मॉडेलची पट्टी बहुधा दाराच्या आतल्या कडेला असते, वरून उघडणाऱ्यात मागच्या बाजूला. नव्या मशीनच्या पडद्यावर बिघाडाचं चिन्ह येतं आणि पाणी न निघणं, पाणी न येणं, दार नीट न लागणं यांची चिन्हं वेगवेगळी असतात. ग्राहकाकडून पट्टीचा आणि पडद्याचा असे दोन फोटो मागवले तर पंप, पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, दाराचं लॉक, पट्टा असे नेहमीचे भाग पहिल्याच फेरीत बरोबर नेता येतात. घरी जाऊन दुरुस्ती करणाऱ्या धंद्यांत या गोष्टीला मोजमापच आहे: पहिल्या फेरीत किती कामं पुरी झाली.

सुटणारं आणि न सुटणारं वेगळं करा

31 ओळी पुन्हा उघडा आणि शक्य तिथे कोणत्या भागाची वाट होती ते लिहा. समजा, 17 नेहमीच्या भागांच्या निघाल्या, 8 इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या, आणि 6 मध्ये भाग सांगितलेलाच नाही. बोर्ड मॉडेलनुसार बदलतो, महाग असतो, साठवून ठेवणं परवडत नाही, आणि जुन्या मॉडेलचा तर कंपनीकडेही सहज मिळत नाही. त्या आठांची वाट तुम्हीही कमी करू शकणार नाही. त्यांच्यापुरतं तुम्हाला एवढंच करता येईल की न विचारता दर दोन दिवसांनी कळवायचं. म्हणजे तुमची पोकळी 31 ची नसून 17 ची आहे. आकडा कमी झाला म्हणून नाराज होऊ नका. आता तो धरता येण्याजोगा झाला आहे.

मग तो अवघड प्रश्न: इतकं सरळ असेल तर आधीच्यांनी का केलं नाही? याचं पटणारं उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. एक उत्तर असं असू शकतं की त्यांना प्रत्येक फेरीचे तपासणीचे पैसे मिळतात, त्यामुळे दोन फेऱ्यांचा त्यांना त्रास नाही. दुसरं, फोन घेणाऱ्या माणसाला मशीनची माहिती नाही. तिसरं, भाग साठवायला पैसा अडकतो. पहिली दोन उत्तरं तुमच्या बाजूची आहेत. तिसरं असेल तर भाग पुरवणाऱ्या दुकानात जाऊन विचारा की कोणते भाग सर्वाधिक खपतात, सकाळी सांगितला तर दुपारी मिळतो का, न लागलेला परत घेतात का. तो परत घेत असेल तर साठ्याचा प्रश्न बराचसा सुटतो. घेत नसेल तर फोटोवरून केलेला अंदाज चुकेल तेव्हाचा खर्च कुणी सोसायचा हे आधीच ठरवावं लागेल.

कुठे फसगत होते

खोटे रिव्ह्यू असतातच, दोन्ही बाजूंचे. चार-पाच दिवसांत एकदम दहा रिव्ह्यू, सगळ्यांची भाषा एका साच्यातली, घटना एकही नाही, आणि लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारली तर त्याचा हा एकुलता एक रिव्ह्यू, अशा खुणा एकत्र दिसल्या तर ते मोजणीतून काढा. यातली एकच खूण पुरेशी नाही. आयुष्यात एकदाच, खरोखर वैतागून लिहिणारी माणसंही असतात. खऱ्या रिव्ह्यूची ओळख म्हणजे त्यात न सजवता आलेला तपशील: कोणता दिवस, काय सुटं केलं, काय म्हणाले.

महिन्याच्या रकान्याकडेही बघा. तक्रारी एखाद्या महिन्यात दाटल्या असतील आणि आधी-नंतर विरळ असतील, तर तिथे काहीतरी तात्पुरतं घडलं असणार. माणूस सोडून गेला, दुकान हललं. अशा दाटीला पोकळी समजून उतरलात तर पोहोचेपर्यंत ती विरलेली असते.

सर्वांत मोठी फसगत मात्र वाचणाऱ्याची स्वतःची असते. तिसऱ्या धंद्यापर्यंत मनात एक कल्पना पक्की होते आणि पुढचं सगळं तिच्याच रंगात दिसायला लागतं. यावर एक साधा उपाय आहे. तुमची कल्पना माहीत नसलेल्या माणसाला तीस रिव्ह्यू आणि टप्प्यांची यादी द्या आणि त्याला स्वतंत्रपणे रकाने भरू द्या. तीसपैकी पंचवीसच्या आसपास जुळले तर तुमची वही विश्वासार्ह आहे. पंधराच जुळले तर बहुतेक वेळा टप्प्यांच्या व्याख्या ढिल्या असतात. त्या घट्ट करा आणि पहिल्यापासून पुन्हा भरा.

रिव्ह्यूंत जे कधीच येत नाहीत त्यांचंही भान ठेवा. ज्याने मशीन दुरुस्तच न करता नवीन घेतलं, ज्याचा फोनच कुणी उचलला नाही म्हणून त्याने दुसरीकडे लावला, किंवा जो ऑनलाइन लिहीतच नाही, अशांचं म्हणणं या वहीत नाही. म्हणून वहीतला आकडा म्हणजे बाजाराचा आकार नव्हे. नऊ धंद्यांच्या 240 रिव्ह्यूंत 17 तक्रारी आहेत याचा अर्थ सात टक्के ग्राहकांना ही अडचण आहे असा होत नाही. अडचण काय आहे आणि कशी घडते एवढंच रिव्ह्यू सांगतात. किती जणांना आहे ते माणसांना भेटूनच कळतं.

वहीतून बाहेर

गेल्या सहा महिन्यांत मशीन दुरुस्त करून घेतलेली सहा ते आठ माणसं ओळखीतून गाठा. त्यांना तुमची कल्पना सांगू नका. सांगितली की माणूस मन राखण्यासाठी "छान आहे" म्हणतो आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही. फक्त म्हणा, "मशीन बंद पडल्यापासून सुरू होईपर्यंत काय काय झालं ते सांगा." मध्येच दोन प्रश्न विचारा: किती फेऱ्या झाल्या आणि मशीन बंद असताना कपड्यांचं काय केलंत. न विचारता चार-पाच जणांनी दुसऱ्या फेरीचा विषय काढला, तर रिव्ह्यूंतलं चित्र खरं आहे. कुणीच काढला नाही, तर वही बाजूला ठेवा आणि ते कशावर जास्त बोलले तिकडे लक्ष द्या.

मग छोटी चाचणी. त्या क्षेत्रातल्या एका चांगल्या कारागिराशी बोलून वीस कॉल या पद्धतीने घ्या: फोनवर दोन फोटो, बिघाडाचं वर्णन, मशीन किती जुनं आहे, आणि त्यावरून भाग बरोबर. ग्राहकाला फोनवर एक आकडा न सांगता कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी सीमा सांगा, म्हणजे खर्चाच्या त्या 13 तक्रारींचंही कारण आपोआप निघून जातं. प्रत्येक कॉलला चारच गोष्टी टिपा: फोटो मिळाले का, भागाचा अंदाज बरोबर निघाला का, पहिल्या फेरीत काम झालं का, अंतिम रक्कम सांगितलेल्या सीमेत राहिली का.

थांबायचा आकडा चाचणीआधीच कागदावर लिहा, कारण नंतर मन स्वतःच्या बाजूने वळतं. उदाहरणार्थ, वीसपैकी बारापेक्षा कमी कामं पहिल्या फेरीत पुरी झाली तर ही पद्धत या रूपात चालत नाही असं मानायचं. ती कुठे अडली हे त्या चार टिपणांतून कळेल. ग्राहक फोटोच पाठवत नसतील तर अडचण पहिल्या फोनवर आहे, आणि कदाचित तो फोन मशीन जाणणाऱ्याने घ्यायला हवा. फोटो येतात पण अंदाज चुकतो असं होत असेल, तर कोणत्या चिन्हांवर चुकला त्याची यादी कारागिरासोबत करा आणि त्या बिघाडांना सरळ दोन फेऱ्यांचं काम म्हणून ग्राहकाला आधीच सांगा. अंदाज बरोबर, काम पहिल्या फेरीत, पण रक्कम सीमेबाहेर जात असेल, तर सीमा रुंद करून पुढचे दहा कॉल घ्या आणि रुंद सीमा ऐकून किती जण फोन ठेवतात ते मोजा.